‘सगळं मिळालं’ असं लिहून देण्याआधी

सचिव, मुंबई उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, वांद्रे, यांना खुले पत्र

महोदय,


‘अर्जदार क्रमांक एक हिला तिचे सर्व स्त्रीधन परत मिळाले असून त्याबाबत तिची कोणतीही तक्रार नाही.’ वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल होणाऱ्या संमतीच्या घटस्फोटाच्या याचिकांमध्ये या अर्थाचं कलम हमखास असतं. त्यावर बाईची सही होते, नोटरीचा शिक्का बसतो, आणि पाटल्या-तोडे मात्र अनेकदा बोरिवलीच्या एखाद्या बँकेत, सासूच्या नावच्या लॉकरमध्येच असतात. ‘तारखेच्या दिवशी आणून देऊ’ असं तोंडी ठरलेलं असतं. कागद म्हणतो, मिळाले.

मी मुलुंडला राहते आणि गेली बरीच वर्षं असे मसुदे लिहिते, त्याहून जास्त म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले वाचून दाखवते. हे पत्र तुम्हाला लिहिण्याचं कारण सरळ आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. बायका तुमच्याकडे येतात त्या भांडण पेटल्यावर. ज्या दिवशी भांडण संपून दोघं एका कागदावर यायला तयार होतात, त्या दिवशी कोणी येत नाही. संमतीच्या घटस्फोटात बहुधा दोघांचा मिळून एकच वकील असतो आणि त्याची फी बहुधा नवरा देतो. त्यात बेकायदा काही नाही. पण बाईच्या बाजूने तो कागद वाचणारं कुणीच नसतं, आणि कागद असतो इंग्रजीत.

हिंदू विवाह कायद्यात कलम १३-ब आलं १९७६च्या दुरुस्तीने. (नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांसाठी कलम २८ जवळपास तेच सांगतं.) वर्षभर वेगळे राहत असलेले नवरा-बायको एकत्र याचिका करतात. मग सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा न्यायालयासमोर उभं राहून ‘आमचं अजूनही तेच म्हणणं आहे’ असं सांगायचं. ‘वेगळे’ म्हणजे वेगळ्या पत्त्यावरच असं नाही. नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर एका छपराखाली असले तरी ते वेगळेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये सुरेश्ता देवी प्रकरणात सांगून ठेवलं आहे. उपनगरातल्या भाड्यांकडे पाहता हे बरंच झालं. वन-बीएचकेमध्ये एक जण हॉलमध्ये आणि एक जण बेडरूममध्ये, अशी वर्षं काढलेली जोडपी मी पाहिली आहेत.

त्याच निकालात दुसरी एक गोष्ट आहे आणि माझ्या म्हणण्याचा सगळा भार तिच्यावर आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही आपली संमती मागे घेऊ शकतं. म्हणजे शेवटच्या तारखेपर्यंत बाईच्या हातात काहीतरी असतं. हुकूमनामा झाला की ते जातं, आणि संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपीलही नाही. सहा महिन्यांच्या मुदतीकडे सगळे ‘विचार बदलतोय का बघायला दिलेला वेळ’ म्हणून पाहतात. मला ती अटी चालवून बघण्याची मुदत वाटते. या काळात दागिने हातात यावेत, मुलाचा खर्च चार-सहा वेळा खात्यात जमा झालेला दिसावा, भेटीचे शनिवार प्रत्यक्ष पार पडलेले असावेत. मग शेवटच्या तारखेला ‘मिळालं’ असं लिहायला हरकत नाही.

एक जोडपं कल्पू. ती घाटकोपरला, पंतनगरात माहेरी. तो बोरिवलीत आईबरोबर. मुलगा आठ वर्षांचा, शाळा घाटकोपरची. दोघं दोन वर्षं वेगळे आहेत आणि दोघांनाही आता सुटायचं आहे.

आधी तिच्या वस्तू. स्त्रीधन ही तिची स्वतःची मालमत्ता आहे, नवऱ्याची किंवा सासरची नव्हे. नवऱ्याकडे ते विश्वासाने ठेवायला दिलेलं असतं आणि त्याने ते अडकवून ठेवलं तर तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, हे १९८५च्या प्रतिभा राणी निकालापासून पक्कं आहे. म्हणजे हक्काबद्दल वाद नाही. वाद असतो तो कोणते दागिने आणि किती, याचा. ‘सुमारे पंचवीस तोळे सोन्याचे दागिने’ असं याचिकेत लिहिलं की पुढे कोणालाच काही सिद्ध करता येत नाही. ती पंचवीस म्हणते, तो चौदा म्हणतो, आणि सासूबाई म्हणतात त्यातले सहा आमचेच होते, मुलाच्या मुंजीत घातलेले.

म्हणून याचिकेला परिशिष्ट हवं आणि त्यात एकेका जिनसेची ओळ हवी. ‘पाटल्या, एक जोडी, ४० ग्रॅम, माहेरकडून, लग्नाच्या अल्बममध्ये दिसतात.’ ‘ठुशी, एक, ढोबळ वजन २२ ग्रॅम, मण्यांसह.’ वजन ग्रॅममध्येच लिहावं, कारण तोळा कोणी दहा ग्रॅमचा धरतं तर कोणी जुन्या हिशोबाने साडेअकराहून जास्त. खडे, मोती, लाख असलेल्या दागिन्याचं ढोबळ आणि निव्वळ वजन वेगळं लिहावं, नाहीतर परत करताना नेमकी तेवढीच तूट निघते. १ एप्रिल २०२३पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. असेल तर तो टिपावा, कारण त्यासारखी ओळख दुसरी नाही. पण आपल्या जोडप्याचं लग्न २०१४चं. त्यांच्या दागिन्यांवर तो नसणार. तिथे बिलं, फोटो आणि सराफाच्या काट्यावरचं वजन एवढाच आधार. मोडून नवं केलेलं असेल तर तेही लिहावं. ‘चपलाहार मोडून २०१९मध्ये दोन बांगड्या व एक चेन केली’ ही ओळ नसेल तर ती चपलाहार मागत राहते आणि तो शपथेवर सांगतो की घरात चपलाहार नाही. दोघंही खरं बोलत असतात.

आता लॉकर. तो सासूच्या आणि नवऱ्याच्या नावावर आहे. संयुक्त याचिकेवर सह्या फक्त नवरा-बायकोच्या. सासू त्या प्रकरणात पक्षकारच नाही, तेव्हा ‘लॉकरमधील दागिने परत देण्यात येतील’ या कलमाने ती बांधली जात नाही. हे इतकं उघड आहे की मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून ते निसटतं. उपाय दोनच. एक तर सासूचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र याचिकेला जोडावं. दुसरा मला जास्त पसंत आहे: याचिका दाखल करण्याआधीच नवऱ्याने दागिने बाहेर काढावेत, दोन्हीकडची दोन माणसं आणि एक सराफ यांच्यासमोर वजन व्हावं, परिशिष्टावर ‘दिले’ आणि ‘मिळाले’ अशा दोन सह्या तारखेसह व्हाव्यात. सराफाच्या दुकानात अर्धा तास जातो.

सोन्यामागे बाकीचं विसरतं. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं, पदवीचं प्रमाणपत्र, पॅनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं पुस्तक. हे कागद कपाटाच्या त्याच खणात राहतात आणि नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी आठवतात. भांडी, शिलाई मशीन, पैठण्या लिहायच्या की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. माझा अनुभव असा की लिहिलेलं भांडं परत मिळतं आणि न लिहिलेल्या भांड्यावरून शेवटच्या तारखेला कोर्टाच्या पायऱ्यांवर आवाज चढतात.

पोटगीकडे येऊ. ‘पत्नी भूत, वर्तमान व भविष्यकाळातील पोटगीचा हक्क सोडत आहे’ हे कलम बऱ्याच ठिकाणी असतं. स्वतःचा हक्क तिने विचारपूर्वक सोडला तर तो तिचा निर्णय. पण त्याच वाक्यात ‘स्वतःसाठी व मुलासाठी’ असं घुसवलेलं असतं, ते मात्र चालत नाही. मुलाचा पोषणाचा हक्क मुलाचा आहे. आईला तो सोडून देता येत नाही. असं कलम लिहून नवऱ्याला वाटतं आपण सुटलो, आणि चार वर्षांनी मुलाच्या नावाने अर्ज येतो तेव्हा त्याला फसवणूक झाल्यासारखं वाटतं. त्याच्याही हिताचं आहे की हे आधीच सरळ लिहावं.

आपल्या जोडप्यात मुलासाठी महिना १२ हजार ठरले आहेत. एवढंच लिहून थांबलं तर मुलगा अठराचा होईपर्यंत, दहा वर्षं, १२ हजारच. दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ असं एक वाक्य घातलं की दोन वर्षांनी १३,८००, चार वर्षांनी १५,८७०, सहा वर्षांनी १८,२५० आणि शेवटच्या दोन वर्षांत २१ हजारांच्या आसपास. हे वाक्य नसेल तर प्रत्येक वाढीसाठी नवा अर्ज, नवी तारीख, घाटकोपरहून वांद्र्याला नवी खेप.

दुसरी खोच वयाची. हिंदू दत्तक व पोषण कायद्याप्रमाणे मुलाच्या पोषणाची जबाबदारी तो अज्ञान असेपर्यंत. अविवाहित आणि स्वतःचं भागवू न शकणाऱ्या मुलीबाबत ती पुढेही चालते. मुलगा अठराचा होतो तो बारावीच्या आगेमागे, म्हणजे नेमकी कॉलेजची मोठी फी भरायच्या वेळी. म्हणून ‘पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत’ असं लिहायचं आणि फी महिन्याच्या रकमेत न धरता वेगळी, निम्मी-निम्मी, पावती दाखवल्यापासून पंधरा दिवसांत, असं ठरवायचं.

तिला एकरकमी काही ठरलं असेल तर प्रश्न येतो कधी द्यायचं. या बाबतीतलं अलीकडचं प्रकरण मुंबईचंच आहे आणि सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलेलं आहे. क्रिकेटपटू युझवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांनी फेब्रुवारी २०२५मध्ये वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात संयुक्त याचिका केली. अडीच वर्षांहून अधिक काळ वेगळे असल्याने सहा महिन्यांची मुदत माफ करा अशी त्यांची मागणी होती. २०१७च्या अमरदीप सिंग निकालाने ती वाट मोकळी केलेली आहे: दीड वर्ष वेगळे राहणं, समेटाचे प्रयत्न संपलेले असणं आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असणं, एवढं दिसलं की न्यायालय मुदत माफ करू शकतं. चहल यांनी द्यायचे ठरलेल्या ४ कोटी ७५ लाखांपैकी निम्मे, सुमारे २ कोटी ३७ लाख दिले होते. अटी अर्ध्याच पाळल्या आहेत, या कारणावरून कौटुंबिक न्यायालयाने माफी नाकारली. १९ मार्च २०२५ला उच्च न्यायालयाने संमतीच्या अटी वाचल्या. दुसरा हप्ता हुकूमनाम्यानंतर द्यायचा असं अटींमध्येच लिहिलेलं होतं. तेव्हा आजपर्यंत जे पाळायचं ते पाळलेलं आहे, असं म्हणून मुदत माफ झाली आणि दुसऱ्या दिवशी घटस्फोट झाला.

मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. न्यायालय अटींमधल्या तारखा शब्दशः वाचतं, हे एक. आणि हुकूमनाम्यानंतरचा हप्ता ज्याला परवडतो त्याने ठेवावा. देणाऱ्याचा पत्ता, कमाई आणि सामने सगळ्या देशाला माहीत असतील तर वसुलीची चिंता फारशी नसते. कांदिवलीच्या एखाद्या खासगी कंपनीतला माणूस दोन महिन्यांत नोकरी बदलून बंगळुरूला गेला तर दरखास्त घेऊन त्याच्या मागे फिरायचं कोणी? सर्वसाधारण घरांत निम्मी रक्कम याचिका दाखल करताना आणि निम्मी शेवटच्या तारखेला, न्यायाधीशांसमोर, डिमांड ड्राफ्टने, हाच क्रम बरा. ड्राफ्टचा क्रमांक आणि बँक हुकूमनाम्यात यावी. मुदत माफ करून घ्यायची असेल तर अटी चालवून बघायला दिवसच उरत नाहीत, म्हणून तिथे सोनं आणि पैसा आधी, अर्ज नंतर.

मुलाचा ताबा. ‘ताबा आईकडे राहील व वडिलांना परस्पर सोयीनुसार भेटता येईल.’ परस्परांची सोय जमत असती तर ही दोघं वांद्र्याला कशाला आली असती? हे कलम पहिल्या परीक्षेच्या आठवड्यात मोडतं. आपल्या जोडप्यात मुलगा मध्य रेल्वेवर आणि बाप पश्चिम रेल्वेवर. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने बोरिवली, दारापासून दारापर्यंत दीड तास सहज. आठ वर्षांच्या पोराला दर शनिवारी संध्याकाळी न्यायचं आणि रविवारी रात्री आणायचं, हे कागदावर उदार दिसतं आणि तिसऱ्या आठवड्यात पोर कंटाळतं. एका घरच्या मसुद्यात आम्ही असं ठरवलं: पहिला आणि तिसरा शनिवार, वडिलांनी सकाळी दहाला सोसायटीच्या गेटवरून न्यायचं, रविवारी संध्याकाळी सहाला तिथेच आणून सोडायचं. अंधेरी स्टेशनच्या पुलावर मुलाची देवघेव करायची नाही. मधल्या बुधवारी व्हिडिओ कॉल, जेवणाआधी, वीस मिनिटं. बाप आजारी पडला किंवा बाहेरगावी गेला तर आदल्या दिवशी कळवायचं आणि पुढचा शनिवार त्याचा.

मग सण. मे महिन्याची सुट्टी निम्मी वाटता येते, दिवाळीही आलटून पालटून होते. गणपतीचं तसं होत नाही. बापाकडे गावी, कोकणात गणपती असेल तर मुलाला तिथे न्यायचंच असतं, आणि ते शाळेच्या चाचण्यांच्या दिवसांत येतं. दीड दिवसाचा की पाच दिवसांचा, रेल्वेचं तिकीट कोणी काढायचं, परत कधी आणायचं, हे लिहिलेलं असलं की श्रावणातली भांडणं टळतात. पासपोर्ट कोणाकडे राहील आणि परदेशी नेताना दुसऱ्याची लेखी परवानगी किती दिवस आधी, हेही दोन ओळींत बसतं.

एक कलम मात्र नेहमी फुकट जातं: ‘वडील भविष्यात कधीही ताब्याची मागणी करणार नाहीत.’ ताब्याचा हुकूम कधीच कायमचा नसतो. मुलाचं हित बदललं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६खाली न्यायालय तो बदलू शकतं, आणि आई-बापांनी आपापसांत केलेली बंदी त्याच्या आड येत नाही. हे वाक्य पाहून आईला जी निश्चिंती वाटते ती खोटी.

फौजदारी प्रकरणं असतील तर गुंता वाढतो. घटस्फोट वांद्र्याला, घरगुती हिंसाचाराचा अर्ज अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडच्या दंडाधिकाऱ्यांकडे, आणि ४९८-अचा गुन्हा (१ जुलै २०२४नंतरच्या घटनांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) रद्द व्हायला उच्च न्यायालय. ‘सर्व प्रकरणे मागे घेण्यात येतील’ असं याचिकेत लिहिल्याने ४९८-अ मिटत नाही. नवरा म्हणतो आधी गुन्हा रद्द, मग पैसे. ती म्हणते आधी पैसे. या अडचणीवर अनेक याचिका लटकतात. शेवटचा ड्राफ्ट आणि गुन्हा रद्द करायला तिचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, दोन्ही एकाच दिवशी एकाच टेबलावर, असं लिहिलं की बहुतेक वेळा गाठ सुटते.

आणि मसुद्याच्या शेवटी एक ओळ, जी फार कमी ठिकाणी दिसते. दोघांनी आपापल्या अटी पाळण्याची न्यायालयाला हमी देणं आणि न्यायालयाने ती स्वीकारल्याची नोंद होणं. १९७९च्या बाबू राम गुप्ता निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या संमतीच्या अटी मोडल्या तर तो न्यायालयाचा अवमान नाही, मग दरखास्तीचा लांबचा रस्ता. स्पष्ट हमी दिलेली असेल तर अवमानाची दारं उघडी राहतात. एका वाक्याचा फरक.

तुमच्याकडून मला काय हवं आहे, ते आता सांगते. न्यायालयाचे समुपदेशक दोघांना भेटतात, पण त्यांच्यासमोर कागद येतो तेव्हा सह्या झालेल्या असतात. तुमच्या पॅनलवरच्या वकिलांनी आठवड्यातून एकदा, सही होण्याआधी, बाईला तिची याचिका मराठीत वाचून दाखवावी. याचिका नव्याने लिहून द्यायची नाही, वकील बदलायचा नाही, फक्त वाचून दाखवायची आणि कलमागणिक तिला विचारायचं: हे झालंय की व्हायचंय? व्हायचं असेल तर कोणत्या तारखेला? जागा वांद्र्यातच असावी असं नाही. अंधेरी आणि मुलुंडच्या कोर्टाच्या आवारात जास्त सोयीचं, कारण घाटकोपर-भांडुपच्या बाईला मुलुंड जवळ पडतं.

त्याबरोबर स्त्रीधनाच्या परिशिष्टाचा एक मराठी नमुना छापावा, एक पान, पाठपोट. मी वापरते त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यात रकाने सहा आहेत: जिन्नस, वजन, पुरावा, सध्या कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, परत दिल्याची तारीख व सह्या. चौथा आणि पाचवा रकाना वेगळे ठेवा अशी विनंती. ‘कोठे’ या प्रश्नाला लोक ‘बोरिवलीच्या लॉकरमध्ये’ असं उत्तर देतात, आणि तो लॉकर कोणाच्या नावावर आहे हे पाचवा रकाना भरेपर्यंत कोणी विचारलेलं नसतं.

कळावे,
आपली,
मुलुंडची एक वकील